पैसे मिळाल्याची पावती आणि पुढच्या बिलाची तारीख: गिऱ्हाइकाने उशिरा भरलं तर तारीख सरकते का?

कॅमेरावाला (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. माझा सीसीटीव्ही, संगणक आणि बिलिंग प्रिंटर यांच्या देखभालीचा व्यवसाय आहे. गिऱ्हाइकं म्हणजे यंत्रमागाचे कारखाने, सूत-कापडाच्या पेढ्या आणि काही दवाखाने. बहुतेकांशी वर्षाचा करार असतो आणि बिल तिमाहीला निघतं. जीएसटी नोंदणी आहे, धंदा माझ्या एकट्याच्या नावावर आहे.

एका पेढीचा करार १ एप्रिल ते ३१ मार्च असा आहे. तिमाहीचे ३६,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६,४८०, मिळून ४२,४८०. एप्रिल ते जूनचं बिल १ एप्रिलला दिलं, भरायची मुदत १५ एप्रिल. पैसे आले ९ मेला, एनईएफटीने, ४२,१२०. बिलिंगच्या ॲपमधून पावती आपोआप गेली. तिच्यावर होतं: "मिळाले ४२,१२०. बाकी ३६०. पुढील बिल दिनांक ९ ऑगस्ट २०२५."

आता पेढीचे मुनीमजी म्हणतात, "तुमच्याच पावतीप्रमाणे आमचे पैसे ८ ऑगस्टपर्यंत भरलेले आहेत, जुलैत बिल पाठवू नका. आणि बाकी ३६० कसली? तो आम्ही टीडीएस कापलाय." वर आणखी एक आहेच. फेब्रुवारीत जादा कॅमेरे बसवले त्याचे ५,९०० यायचे आहेत, त्यांचा पावतीत उल्लेखच नाही.

माणसं चांगली आहेत, जुना संबंध आहे, भांडायचं नाही. पण पैसे मिळाल्याचा निरोप आणि पावती नेमकी कशी लिहायची, म्हणजे असा घोळ होणार नाही? पुढच्या बिलाची तारीख पावतीवर टाकावी की नकोच?

---

सातारी केबल

तारीख टाकायचीच. आम्ही केबल आणि इंटरनेट देतो, आमच्याकडे पावतीवर पुढची तारीख नसेल तर दिवसाला पन्नास फोन येतील. पण आमचं गणित सरळ आहे बघा. ज्या दिवशी पैसे, त्या दिवसापासून ३० दिवस. गिऱ्हाइकाने ९ तारखेला भरलं की त्याचा महिना ९ तारखेपासून मोजायचा. मधे आठ दिवस बंद होतं तर त्या आठ दिवसांचे पैसे कसे घेणार? तुमच्या ॲपने बरोबरच केलंय की.

---

जमाखर्च (सांगली)

सातारी दादा, तुमच्या धंद्यात ते बरोबर आहे, कारण पैसे आले नाहीत तर तुम्ही लाइन बंद करता. आधी पैसे, मग सेवा. कॅमेरावाले दादांनी १ एप्रिलपासून ९ मेपर्यंत सेवा बंद ठेवली होती का? नसेलच. कॅमेरा बिघडला असता तर माणूस गेला असता. म्हणजे तिमाही १ एप्रिललाच सुरू झाली आणि ३० जूनलाच संपणार. पैसे कधी आले याचा त्या तिमाहीशी संबंध नाही. उशिरा भरणाऱ्याची तारीख पुढे सरकवली तर वर्षात चार तिमाह्या बसणारच नाहीत. दर वेळी पाच आठवडे उशीर केला तर वर्षाअखेर एक आख्खी तिमाही फुकट जाईल आणि करार मात्र ३१ मार्चलाच संपेल.

तुमच्या ॲपमध्ये आवर्ती बिलाच्या सेटिंगमध्ये "पैसे मिळाल्याच्या तारखेपासून" आणि "ठरलेल्या तारखेपासून" असे दोन पर्याय असतील, ते आधी बघा. बहुतेक पहिला लागलेला आहे.

मुनीमजींना काय सांगायचं, तर करारात तिमाहीच्या तारखा लिहिलेल्या आहेत आणि १ एप्रिलच्या बिलावर "कालावधी १ एप्रिल ते ३० जून" असं छापलेलं असेल. असेल ना? ते दोन कागद पावतीपेक्षा मोठे आहेत. पावती एवढंच सांगते की पैसे मिळाले आणि ते कशासाठी मिळाले. करार बदलायचा तर दोघांची संमती लागते, ॲपने छापलेल्या एका ओळीने तो बदलत नाही. पण हे फोनवर वाद घालून सांगू नका. सुधारित पावती पाठवा, तिच्यावर जुनी पावती रद्द केल्याचं लिहा आणि सोबत त्या बिलाची प्रत जोडा.

३६० आणि ५,९०० बद्दल संध्याकाळी सविस्तर लिहिते, आत्ता रिटर्न भरायची घाई आहे.

---

वैशाली ठाणेकर

मला वाटतं पावतीवर पुढची तारीख लिहिली की पुढचे पैसे आपोआप कापायला आपली परवानगी मिळाली असं होतं. माझ्या जिमने तसंच केलं. पावतीवर पुढची तारीख होती, मी काही बोलले नाही आणि त्या तारखेला खात्यातून पैसे गेले. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून मी म्हणेन की अशी तारीख टाकूच नका, लोक घाबरतात.

---

शून्य_एक (पुणे)

वैशाली, पावतीवरच्या तारखेमुळे खात्यातून पैसे जात नाहीत. तू नाव नोंदवताना यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावर आदेश दिलेला असणार, पिन टाकून. तो असेल तरच आपोआप कपात होते, आणि कपातीच्या किमान २४ तास आधी त्याची सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुझ्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा भाग उघड, चालू आदेश तिथे दिसतील आणि तिथूनच बंदही करता येतील.

पण तुझ्या भीतीत धाग्यासाठी एक उपयोगी गोष्ट आहे. कॅमेरावाले, तुमच्याकडे आपोआप कपात नाही, तर पावतीत तसं एका वाक्यात लिहा: "ही फक्त माहिती आहे, तेव्हा वेगळं बिल येईल." आणि पावतीच्या निरोपात पैसे भरायची लिंक कधीही देऊ नका. नुकतेच पैसे भरलेल्या माणसाला लिंक आली की तो एकतर दुसऱ्यांदा भरतो किंवा फसवणूक समजून नंबर ब्लॉक करतो.

---

वैशाली ठाणेकर

ऑटोपे बघितलं. आदेश चालू होता, आता बंद केला. धन्यवाद.

---

नागपूरचे काका

मी बँकेतून निवृत्त झालो. तुम्ही सगळे तारखेवर बोलताय, मूळ गोष्ट वेगळीच आहे. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय पावती द्यायचीच नाही. आजकाल लोक पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पाठवतात आणि दुकानदार लगेच "मिळाले" म्हणून मोकळा होतो. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्याच्या उताऱ्यात नोंद दिसली पाहिजे आणि तिचा संदर्भ क्रमांक पावतीवर आला पाहिजे. यूपीआयचा क्रमांक १२ अंकी असतो, एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा. चेक असेल तर पावतीवर "चेक वटण्याच्या अधीन" हे शब्द हवेतच.

आणि ५,००० वरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं, ते रोखीच्या व्यवहारालाच. चेक किंवा ऑनलाइन असेल तर लागत नाही.

---

कॅमेरावाला

काका, स्क्रीनशॉटचं पटलं. पण गिऱ्हाइकाने रात्री नऊ वाजता पाठवला आणि मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गप्प बसलो तर त्यांना वाईट वाटतं. तेव्हा काय करायचं?

---

नागपूरचे काका

दोन वेगळे निरोप करा. पहिला लगेच: "तुमचा निरोप मिळाला. खात्यात जमा झाल्याची खात्री करून पावती पाठवतो." यात "पैसे मिळाले" हे शब्द येता कामा नयेत. दुसरा निरोप जमा दिसल्यावर, पावतीसकट.

गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले आणि तुमच्याकडे आले नाहीत असंही यूपीआयमध्ये होतं. ते पैसे बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत जातात, दुकानाच्या क्यूआरवर भरले असतील तर त्याला पाच दिवसांपर्यंतची मुदत आहे. तेवढ्यात तुम्ही पावती देऊन बसलात आणि पैसे परत त्याच्या खात्यात गेले, तर त्याच्या हातात तुमच्या सहीची पावती राहते.

---

जमाखर्च (सांगली)

आता सवड मिळाली. आधी ते ३६०.

पेढीने ३६,००० वर एक टक्का कापला. कंत्राटाचं काम करणारा एकटा माणूस असेल, कंपनी किंवा भागीदारी नसेल, तर एक टक्काच कापतात, आणि जीएसटी बिलावर वेगळा दाखवला असेल तर कपात मूळ रकमेवर होते. म्हणजे ३६० अगदी बरोबर. उलट ४२५ कमी आले असते तर समजायचं की त्यांनी जीएसटी धरून ४२,४८० वर कापलाय, मग त्यांच्या अकाउंटंटशी बोलायचं. आलेल्या रकमेतला फरक बघून एवढं लगेच ओळखता येतं.

तर या बिलाची "बाकी" शून्य आहे. ३६० पेढीकडून यायचे नाहीत, ते सरकारकडे तुमच्या पॅनवर जमा व्हायचे आहेत. तरी पावतीवर "मिळाले ४२,४८०" असंही लिहायचं नाही, कारण बँकेत तेवढे आलेले नाहीत आणि उद्या उतारा जुळवताना तुम्हीच अडकाल. दोन्ही आकडे वेगळे लिहा: बँकेत मिळाले ४२,१२०, आपण कापलेला टीडीएस ३६०, बिलाची एकूण फेड ४२,४८०. एप्रिल ते जूनच्या कपातीचं त्यांचं विवरणपत्र ३१ जुलैपर्यंत भरायचं असतं, त्यानंतर तुमच्या प्राप्तिकराच्या खात्यात ती नोंद दिसेल. ऑगस्टमध्ये एकदा बघून घ्या. नाही दिसली तर तेव्हा मुनीमजींना आठवण करायची, आत्ता पावतीत "बाकी" म्हणून नाही.

आता ५,९००. इथे तुम्हाला वाटेल की पैसे आले तर आधी जुनं देणं फेडून घ्यावं. तसं करता येतं, पण नेहमी नाही. १८७२ च्या करार कायद्यात कलम ५९ ते ६१ यासाठीच आहेत. देणाऱ्याने सांगितलं की हे अमुक बिलाचे, आणि तुम्ही ते पैसे घेतले, तर त्याच बिलात जमा करावे लागतात. त्याने तोंडाने सांगितलं नाही पण परिस्थितीवरून कळत असेल, तरीही तेच. तुमच्याकडे आलेली रक्कम एप्रिलच्या बिलातून टीडीएस वजा करून पैशापैशाने जुळते, दुसऱ्या कुठल्या देण्याशी जुळत नाही. म्हणजे ती एप्रिलच्या बिलाचीच. त्यांनी नुसते गोल ४०,००० पाठवले असते आणि काही कळवलं नसतं, तर कुठल्या देण्यात जमा करायचे हे तुम्ही ठरवू शकला असता. दोघांनीही ठरवलं नाही तर आधीचं देणं आधी फिटतं.

म्हणून पावतीवर बिल क्रमांक हवाच. "खात्यावर जमा" असं मोघम लिहिलेली पावती वर्षभराने दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने वाचता येते.

काका, तिकिटाबद्दल थोडं वेगळं मत आहे. मुद्रांक कायद्यात पावतीची जी व्याख्या आहे तिच्यात पैसे आणि चेक दोन्ही येतात. तेव्हा चेकला तिकीट नको हे बरोबर नाही. ५,००० ची मर्यादा तुम्ही बरोबर सांगितलीत, २००४ पर्यंत ती ५०० होती.

---

नागपूरचे काका

ताई, चेकची व्याख्या काढून बघितली. तुमचं बरोबर आहे. पण मग व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफला तिकीट कुठे चिकटवायचं? त्याचं उत्तर द्या.

---

जमाखर्च (सांगली)

त्याचं ठाम उत्तर माझ्याकडे नाही. सहीविना संगणकावर निघालेल्या पीडीएफला आमच्याकडचं कुणी तिकीट लावत नाही. गिऱ्हाइकाने सहीची कागदी पावती मागितली आणि रक्कम ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं तिकीट लावून त्याच्यावरून सही करायची, हे मी सगळ्यांना सांगते. मागितल्यावर तशी पावती नाकारता येत नाही. मधल्या प्रकारांत वकिलांचीही मतं वेगवेगळी ऐकली आहेत.

---

शून्य_एक (पुणे)

तारखेबद्दल माझे दोन शब्द, कारण वर्गणीच्या बिलांच्या प्रणाली बनवण्यातच माझी बरीच वर्षं गेली.

पावतीवर "पुढील तारीख" एवढंच लिहिलेलं असतं आणि वाचणारा त्याला हवा तो अर्थ घेतो. तुमच्या बाबतीत तीन तारखा आहेत. सेवा ३० जूनपर्यंतची आहे. पुढचं बिल १ जुलैला निघेल. ते भरायची मुदत १५ जुलै आहे. "पुढील तारीख १ जुलै" एवढंच लिहिलं तर कुणी समजेल की १ जुलैला पैसे द्यायचे आहेत, कुणी समजेल की १ जुलैला सेवा बंद पडणार. मुनीमजींनीही "पुढील बिल दिनांक" वाचून भरलेल्या कालावधीचा अर्थ काढला, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही, कारण कालावधी पावतीवर नव्हताच. तो असता तर ॲपची चुकीची तारीख गिऱ्हाइकालाच लगेच खटकली असती. माझ्या मते तिन्ही तारखा लिहा, आणि कालावधी सगळ्यात आधी.

दुसरं महिन्याच्या शेवटाचं. तुमच्या तिमाह्या १ तारखेच्या आहेत म्हणून त्रास नाही, पण दवाखान्यांचे करार मधल्याच तारखांना सुरू झाले असतील. कुणाचा ३१ जानेवारीला सुरू झाला आणि बिल दरमहा असेल, तर पुढची तारीख २८ फेब्रुवारी. त्याच्या पुढची? आधीच्या तारखेत एक महिना मिळवत गेलात तर २८ मार्च येते आणि मग ती कायमची २८ वरच अडकते. सुरुवातीच्या तारखेपासून मोजलं तर ३१ मार्च येते, तीच बरोबर. एक्सेलमध्ये हिशोब ठेवत असाल तर B2 मध्ये कराराची मूळ तारीख आणि C2 मध्ये झालेले महिने ठेवा:

```
=EDATE($B2,C2)
```

आधीच्या ओळीतल्या तारखेवरून पुढची काढू नका. कालावधीची शेवटची तारीख म्हणजे यातून एक दिवस वजा.

---

सातारी केबल

हे ३१ चं आमच्याकडे वेगळं चालतं. ३० दिवस म्हणजे ३० दिवसच. ३१ जानेवारीला भरलं की १ मार्चला संपलं, लीप वर्ष नसेल तर. गिऱ्हाईक म्हणतं महिन्याचे पैसे घेता, मग वर्षात बारा वेळाच घ्या. ३० दिवसांनी मोजलं की बारा वेळांत ३६० दिवसच होतात, वर पाच दिवस उरतात. त्यावरून आमच्याकडे रोज वाद. तुम्ही कसं समजावता?

---

शून्य_एक (पुणे)

सातारी, "मासिक" हा शब्द पावतीवरून काढा आणि "३० दिवस" छापा, सोबत "१ मार्चच्या रात्रीपर्यंत" असं. योजना ३० दिवसांची असेल तर तिला महिना म्हणू नये. वाद पूर्ण थांबेल असं नाही म्हणणार, पण निदान कागद तुमच्या बाजूने बोलेल.

---

मधुरा कुलकर्णी-डोंबिवली

मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे, म्हणजे इकडे पावती देणारी आणि लिफ्टवाल्याकडून, पाण्याच्या पंपवाल्याकडून पावती घेणारी, दोन्हीही. घेणाऱ्याच्या बाजूने सांगते.

पैसे भरणारा आणि गिऱ्हाईक नेहमी एकच नसतात. आमच्याकडे एका आजोबांच्या घराचे पैसे मुलगा परदेशातून भरतो, बँकेत त्याचं नाव दिसतं. पावती सदनिकेच्या मालकाच्या नावे करायची, पण "यांच्या खात्यातून मिळाले" म्हणून मुलाचं नावही लिहायचं. असं नाही केलं तर त्याच महिन्यात आजोबाही चेक देतात, दोनदा पैसे येतात आणि कुणाचे कुठे लावायचे कळत नाही. पावती दोघांनाही पाठवायची.

पेढीचंही तसंच असेल. पैसे अकाउंटंट पाठवतो, पावती मालकाच्या फोनवर जाते, अकाउंटंटला ती दिसतच नाही. मग तो पुढच्या महिन्यात विचारतो, "पावती कुठाय?"

आणि जुनी बाकी पावतीतच लिहायला माझा विरोध आहे. मी आज पैसे भरले आणि उत्तरात "धन्यवाद, पण अजून इतके द्या" आलं तर मनाला लागतं. बाकीची आठवण दोन दिवसांनी वेगळी द्यावी.

---

जमाखर्च (सांगली)

मधुराताई, भावना समजते, पण मी लिहिते. पावतीत नाही लिहिलं तर गिऱ्हाइकाला वाटतं खातं साफ झालं. नंतर आठवण केली की "तेव्हा का नाही सांगितलं?" एकच ओळ, पावतीच्या तळाशी, मागणीच्या सुरात नाही.

---

मधुरा कुलकर्णी-डोंबिवली

आमच्या सभासदांबरोबर ते चालत नाही हो ताई. तळाशी असलेली ओळच पहिली वाचली जाते. व्यापाऱ्यांमध्ये चालत असेल.

---

कॅमेरावाला

सगळ्यांचे खूप आभार. आणखी एक विचारतो. एक डॉक्टर मार्चमध्येच पुढच्या तिमाहीचे पैसे देतात, बिल निघायच्या आधी. त्यांनाही अशीच पावती द्यायची का?

---

जमाखर्च (सांगली)

नाही, तिथे वेगळं आहे. बिल निघण्याआधी सेवेचे पैसे घेतले तर जीएसटी त्या आगाऊ रकमेवर तेव्हाच लागतो. १ एप्रिलच्या बिलापर्यंत थांबता येत नाही. मालाच्या व्यापाऱ्यांना आगाऊ रकमेवरच्या करातून सूट आहे, सेवेला नाही. त्यामुळे डॉक्टरांना साध्या पावतीऐवजी रिसीट व्हाउचर द्यायचं. त्यावर कराचा दर आणि कराची रक्कम वेगळी दाखवायची. पुढे काम झालंच नाही आणि पैसे परत केले तर रिफंड व्हाउचर.

त्यापेक्षा सोपं म्हणजे पैसे आले त्याच दिवशी एप्रिल ते जूनचं बिल काढून द्यायचं. माझ्याकडचे बहुतेक लोक तसंच करतात, कारण व्हाउचर आणि नंतरचं बिल यांची जुळणी करताना चुका होतात. कर मार्चच्या विवरणपत्रात जाईल एवढं लक्षात ठेवा. आणि डॉक्टरांच्या पावतीवर पुढचं बिल १ जुलैचंच. लवकर भरलं म्हणूनही तारीख हलत नाही.

पेढीचा प्रश्न यात येत नाही, तिथे बिल १ एप्रिललाच निघालं होतं. तिला साधी पावती पुरे.

---

कॅमेरावाला

मुनीमजींना पाठवायचा मजकूर तयार केलाय. बघून सांगा.

"सप्रेम नमस्कार. बिल क्रमांक १२, दिनांक १ एप्रिल २०२५, कालावधी १ एप्रिल ते ३० जून २०२५, रक्कम रुपये ४२,४८०. या बिलापोटी ९ मे २०२५ रोजी एनईएफटीने रुपये ४२,१२० (अक्षरी बेचाळीस हजार एकशे वीस) आमच्या खात्यात मिळाले. यूटीआर क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे. आपण कापलेला टीडीएस रुपये ३६० धरून हे बिल पूर्ण फिटले आहे. मनःपूर्वक आभार.

पुढील तिमाहीचे, म्हणजे १ जुलै ते ३० सप्टेंबरचे बिल १ जुलै २०२५ रोजी पाठवू. ते भरण्याची मुदत १५ जुलै आहे. आत्ता काही भरायचे नाही.

९ मेच्या पावतीवर पुढील बिलाची तारीख ९ ऑगस्ट छापली गेली होती, ती पावती रद्द करून ही सुधारित पावती देत आहोत. करारातील तारखांत कोणताही बदल नाही."

५,९०० चं यात घातलं नाही. ते बिल वेगळं आहे, त्याबद्दल परवा पेढीवर जाऊन बोलेन.

---

जमाखर्च (सांगली)

छान झालंय. दोन गोष्टी. "आत्ता काही भरायचे नाही" हे वाक्य काढा. तुम्हाला ते जुलैच्या बिलाबद्दल म्हणायचंय, पण ५,९०० यायचे असताना तुमच्याच लेखी शब्दांनी तुम्ही "काही देणं नाही" म्हणताय. त्याऐवजी "जुलैच्या बिलाचे पैसे आत्ता पाठवू नयेत" असं लिहा. दुसरं, सुधारित पावतीला नवा क्रमांक द्या आणि रद्द पावतीचा क्रमांक मजकुरात घाला. जुनी पावती वहीत "रद्द" शेरा मारून तशीच ठेवा, फाडू किंवा पुसू नका, क्रम तुटता कामा नये.

५,९०० चं बिल वेगळं आहे म्हणून ते या पावतीत नसलं तरी चालेल. पण मी असते तर एक ओळ घातली असती.

---

मधुरा कुलकर्णी-डोंबिवली

आणि हे अकाउंटंटच्या नंबरवरही पाठवा, फक्त मालकांच्या नाही.

---

कॅमेरावाला

दोन्ही दुरुस्त्या केल्या. निरोप मालक आणि मुनीमजी दोघांना गेला. ॲपमध्ये सेटिंग सापडलं, "पैसे मिळाल्याच्या तारखेपासून" हेच लागलेलं होतं. बदललं. बाकीच्या गिऱ्हाइकांच्या मे महिन्यात गेलेल्या पावत्या आता एकेक उघडून तपासतोय. ज्यांनी बिलाच्या तारखेनंतर भरलं त्या सगळ्यांवर तारीख सरकलेली आहे, त्यांनाही सुधारित पावत्या पाठवतो.

---

सातारी केबल

कॅमेरावाले, तुमच्या ॲपमध्ये "३० दिवस" असा पर्याय आहे का? की सगळं महिन्यातच मोजतंय?